अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश: पहिल्या ललितसंग्रहाची दोन पृष्ठे

स्वतःच्या खर्चाने पहिला ललितलेखांचा संग्रह काढताना लेख तपासून होतात, मुखपृष्ठ ठरते, मुद्रक फाइल मागू लागतो आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येते की अर्पणपत्रिका आणि आभार राहिलेत. मग एका रात्रीत दोन्ही लिहिले जातात. अर्पणपत्रिकेत सात नातेवाईक येतात, ऋणनिर्देश तीन पृष्ठे जातो आणि ज्याने खरोखर हस्तलिखित वाचून दिले त्याचे आडनाव चुकते. प्रकाशनसंस्थेत हे थांबवायला संपादक असतो. स्वप्रकाशित पुस्तकात ते काम लेखकालाच करावे लागते, म्हणून पुढची कृती जरा तपशिलात दिली आहे.

उदाहरणासाठी एक पुस्तक समोर ठेवू. नागपूरच्या एका लेखिकेचे 24 ललितलेख आहेत. डेमी आकार, 160 पृष्ठे, ऑफसेटवर 300 प्रती. त्यातले 9 लेख एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत येऊन गेलेले, 2 दिवाळी अंकांत छापलेले आणि 1 आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून वाचलेला. आभार कुणाकुणाचे मानायचे याची तिची यादी 31 नावांची आहे. पुस्तक काल्पनिक आहे, पण यादी सहसा अशीच असते.

आधी जागा ठरवा, मग मजकूर

डेमी आकाराचे पुस्तक 16 पृष्ठांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेल्या एकेका मोठ्या कागदावर छापले जाते. 160 पृष्ठे म्हणजे बरोबर 10 फॉर्म. सुरुवातीच्या पृष्ठांची मांडणी या पुस्तकात अशी होईल: पृष्ठ 1 वर फक्त पुस्तकाचे नाव, 2 कोरे, 3 वर नाव आणि लेखिका, 4 वर प्रकाशनाची सगळी माहिती, 5 वर अर्पणपत्रिका, 6 कोरे, 7 वर ऋणनिर्देश, 8 वर पूर्वप्रसिद्धीची नोंद, 9 आणि 10 वर अनुक्रम, आणि 11 पासून पहिला लेख. लेखांसाठी 150 पृष्ठे उरतात.

अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश दोन्ही विषम पृष्ठांवर, म्हणजे पुस्तक उघडल्यावर उजव्या हाताला येतात. अर्पणपत्रिकेची मागची बाजू कोरी सोडतात. तिथे जागा दिसते म्हणून अनुक्रम घुसवू नका. हलका कागद असेल तर मागचा मजकूर पुढे झिरपल्यासारखा दिसतो, आणि तीन ओळींच्या पृष्ठावर तो फार उठून दिसतो. 70 जीएसएमच्या कागदावर तर हमखास.

हे आकडे आधी पाहण्याचे कारण असे की ऋणनिर्देशाची लांबी या मांडणीवरून ठरते. साधारण 12 पॉइंटच्या टाइपात डेमीच्या एका पृष्ठावर मराठीचे 250 ते 280 शब्द बसतात. वर मथळ्याची जागा सोडली तर 200 शब्दच सुखाने मावतात. मजकूर तेवढ्यात आवरला नाही तर तो पृष्ठ 8 वर उतरतो, नोंद 9 वर सरकते, अनुक्रम 10 वर म्हणजे डाव्या हाताला जातो, आणि तो पुन्हा उजवीकडे आणायला एक पृष्ठ कोरे सोडावे लागते. 160 ची 162 झाली की दहा फॉर्मच्या वर दोन पृष्ठांसाठी मुद्रक चार पृष्ठांचा तुकडा जोडायला सांगेल आणि त्याचे पैसे वेगळे लावेल. अनुक्रमातले सगळे आकडे पुन्हा बदलावे लागतील ते निराळेच. म्हणून ऋणनिर्देश 150 ते 200 शब्दांचा आणि एकाच पृष्ठाचा, असे आधीच ठरवून टाका.

प्रस्तावना किंवा मनोगत असेल तर ती अनुक्रमानंतर घ्या. मनोगत लिहिणारच असाल तर वेगळा ऋणनिर्देश हवाच असे नाही; मनोगताच्या शेवटी दोन परिच्छेद पुरतात. मराठीत ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यात काही कमीपणा नाही. मात्र मनोगतात एकदा आणि ऋणनिर्देशात पुन्हा, असे तेच आभार दोनदा मानू नका.

31 नावांची यादी कशी वेगळी करायची

यादी लहान करायची म्हणजे कुणाला वगळायचे, असा समज असतो आणि तिथेच लेखक अडतो. वगळायचे फार थोडे असते. बहुतेक नावांची जागा पुस्तकात दुसरीकडे असते किंवा पुस्तकाबाहेर असते. आपल्या उदाहरणातली यादी घेऊ.

अक्षरजुळणी, मांडणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाचे चित्र, छपाई आणि बांधणी करणारी 6 नावे आहेत. यांनी मोबदला घेऊन काम केले आहे. त्यांना श्रेय द्यायलाच हवे, पण ते पृष्ठ 4 वर, 'मुखपृष्ठ', 'मुद्रितशोधन' अशा शब्दांपुढे नाव देऊन. कुणी ठरल्यापेक्षा खरोखर जास्त केले असेल, समजा मुद्रितशोधकाने व्याकरणापलीकडे जाऊन एका लेखातली विसंगती दाखवली, तरच त्याचे नाव पृष्ठ 7 वर पुन्हा येईल.

दैनिकाचे दोन पुरवणी संपादक, दिवाळी अंकांचे एक संपादक आणि आकाशवाणीचे एक अधिकारी अशी 4 नावे आहेत. इथे संस्था आणि व्यक्ती वेगळ्या करा. दैनिक, अंक आणि केंद्र यांचा उल्लेख पृष्ठ 8 वरच्या नोंदीत होतो. त्या चौघांपैकी एका पुरवणी संपादकांनी लेखिकेला सदर लिहायला लावले, एवढेच नाव पृष्ठ 7 साठी राखा.

प्रकाशन समारंभाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक, सभागृह मिळवून देणारे, बॅनर करणारे अशी 7 नावे समारंभाची आहेत. पुस्तक समारंभाआधी छापून होते. कार्यक्रम विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात असो की कॉलनीच्या समाजमंदिरात, शेवटी आभारप्रदर्शन होतेच, आणि त्या नावांची जागा तीच. ऐन वेळी पाहुणे बदलले तर छापलेले आभार वर्षानुवर्षे चुकीचे राहतात. हे घडते, कारण प्रमुख पाहुणे बदलणे ही समारंभातली सर्वांत सामान्य गोष्ट आहे.

उरलेल्यांत 8 नावे अशी आहेत ज्यांनी वेळोवेळी 'छान लिहिता, पुस्तक काढा' असे सांगितले. भिशीतल्या मैत्रिणी, शाळेच्या जुन्या ग्रुपवरची मंडळी. यांच्यासाठी पुस्तकाची प्रत आणि आत स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ ही छापील यादीतल्या बाविसाव्या नावापेक्षा कितीतरी चांगली.

आता राहिली 6 नावे: हस्तलिखित वाचणारे दोघे, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याची माहिती देणारे मामा, घरकामाला येणाऱ्या आणि एका लेखाचा विषय झालेल्या ताई, नवरा आणि लेख टंकित करणारी मुलगी. त्यात पुरवणी संपादक मिळवा. ऋणनिर्देश या सात जणांचा.

अर्पणपत्रिका

एका पुस्तकाची अर्पणपत्रिका एका व्यक्तीला, फार तर दोघांना. ती व्यक्ती पुस्तकाशी कशी जोडलेली आहे ते एका तपशिलातून दिसले तर बरे. नाही दिसले तर नुसते 'आईला' एवढेही चालते आणि पुष्कळदा तेच शोभते.

पहिला खर्डा बहुधा असा येतो:

*ज्यांनी मला जन्म दिला, घडवले, संस्कारांची शिदोरी दिली, त्या माझ्या परमपूज्य आजी-आजोबा, आई-वडील, सासू-सासरे, गुरुजन आणि समस्त वाचकांस सविनय सादर समर्पित*

यात आठ-दहा माणसे आणि सगळे वाचक एकत्र उभे केले आहेत, त्यामुळे एकाही माणसाला काही मिळत नाही. 'परमपूज्य' आणि 'संस्कारांची शिदोरी' कुणाच्याही अर्पणपत्रिकेत बसतील. 'सविनय', 'सादर' आणि 'समर्पित' तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात, आणि पृष्ठ 5 वर शब्द आला की तो अर्पणच असतो, हे वाचकाला कळते. एवढे काढून टाका, एका व्यक्तीवर या, आणि त्या व्यक्तीची एक सवय, एक कृती शोधा. आपल्या लेखिकेच्या पाच लेखांत आजी आहे. मग:

*दुपारी सुरू केलेली गोष्ट*
*दिवेलागणीपर्यंत पुरवून सांगणाऱ्या*
*आजीला*

नाव द्यायचे की नाही हा लेखकाचा प्रश्न. 'आजीला' म्हटल्यावर नाव नसले तरी घरच्यांना कळते. नाव द्यायचे असेल तर 'यांना' लावणे सोपे जाते, कारण त्यामुळे नावाचे रूप बदलत नाही आणि वाचणाऱ्याला मूळ नाव काय हा संभ्रम राहत नाही. 'यांस' आता जुने वाटते. एकाच ओळीत 'तुला' आणि 'आपणास' अशी सरमिसळ नको; आईला 'तू' म्हणत असाल तर अर्पणपत्रिकेतही तूच राहू द्या.

व्यक्ती हयात नसेल तर नावाआधी काय लावायचे हे घर पाहून ठरते. 'कै.' हे कैलासवासीचे संक्षिप्त रूप आहे आणि ते सरसकट सगळ्यांना लावता येत नाही. नागपुरात बौद्ध कुटुंबांत 'स्मृतिशेष' किंवा 'कालकथित' लिहितात, मुस्लिम कुटुंबांत 'मरहूम'. मुद्रकाकडचा अक्षरजुळणी करणारा सवयीने 'कै.' घालू शकतो, म्हणून प्रूफात हा शब्द मुद्दाम पाहा. शंका असेल तर बिरुद गाळा. दिवंगत व्यक्तीच्या नावाला कशाचीच गरज नसते. 'सौ.', 'श्रीमती', 'गं. भा.' यांचेही तेच. बाईंचे नाव सरळ द्या.

पुस्तकात वऱ्हाडी किंवा नागपुरी बोली असेल तर अर्पणपत्रिका बोलीत लिहिता येते. नुसते 'मायले' एवढा शब्द पृष्ठभर पुरतो. पण आतले चोवीसही लेख प्रमाण मराठीत असतील आणि बोली फक्त या एका पृष्ठावर असेल, तर ती सजावट वाटते. त्यापेक्षा 'आईला' बरे.

कवितेच्या किंवा सिनेगीताच्या ओळी या पृष्ठावर टाकायचा मोह आवरा. एकतर अर्पणपत्रिका मागे पडते आणि ओळीच लक्षात राहतात. दुसरे, भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि ती वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. 1970 साली वारलेल्या कवीची कविता 2030 च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहे. तुकोबांच्या अभंगाला ही अडचण नाही, आधुनिक कवीला आहे, आणि गाण्याचे हक्क तर बहुधा कंपनीकडे असतात.

ऋणनिर्देश लिहिताना

इथे एकच कसोटी पुरते: त्या माणसाचे नाव खोडून दुसरे घातले तर वाक्य तसेच खरे राहते का? 'यांचे मोलाचे सहकार्य लाभले' या वाक्यात कुणाचेही नाव बसते, म्हणून ते वाक्य कुणाचेच आभार मानत नाही. त्या माणसाने नेमके काय केले ते लिहा. आठवत नसेल तर जुने निरोप, पेन्सिलीच्या खुणा असलेले कागद काढून पाहा. तपशील तिथे सापडतो.

आपल्या उदाहरणाचा मजकूर असा होईल. नावांच्या जागी टिंबे ठेवली आहेत.

*हे लेख सर्वांत आधी ……… यांनी वाचले. 'लेख इथे संपला आहे, तू मात्र अजून लिहिते आहेस' असे त्यांनी सहा ठिकाणी पेन्सिलीने लिहिले होते. त्या सहाही ठिकाणी मी थांबले. ……… यांनी महिने आणि ऋतू तपासले. त्यांच्यामुळे एका लेखातला पळस श्रावणात फुलायचा वाचला.*

*रविवारच्या पुरवणीत सलग लिहायला ……… यांनी लावले. त्यांची आठशे शब्दांची अट तेव्हा जाचक वाटे. संग्रह करताना तिचा उपयोग कळला.*

*महालातल्या वाड्याच्या लेखांसाठी ……… मामांनी खोल्यांचा नकाशा काढून दिला. मला आठवत होती ती विहीर आमच्या वाड्यात नव्हती, शेजारच्या वाड्यात होती, हेही त्यांनीच सांगितले.*

*ज्यांच्या घरची गोष्ट एका लेखात आली आहे त्यांनी तो लेख ऐकला, दोन वाक्ये गाळायला सांगितली आणि मग होकार दिला. त्यांच्या इच्छेप्रमाणे इथे नाव दिलेले नाही.*

*……… हिने माझे अक्षर लावून सगळे लेख टंकित केले. ……… यांनी एकही लेख छापून येण्याआधी वाचला नाही आणि छापून आल्यावर एकही चुकवला नाही.*

*उरलेल्या चुका माझ्या.*

सव्वाशेच्या थोडे वर शब्द आहेत आणि सातही जण आले आहेत. क्रम पाहा: मजकुरावर काम करणारे आधी, माहिती देणारे नंतर, घरचे शेवटी. हुद्दा किंवा वय पाहून क्रम लावला की कुणाचे नाव कुणाआधी यावर घरात चर्चा सुरू होते. कामाच्या क्रमाने लावला तर तो प्रश्न उरत नाही.

तीन वाक्ये मराठी ऋणनिर्देशात इतकी येतात की ती आता वाचली जात नाहीत. 'आभार मानून त्यांच्या ऋणातून मुक्त होण्याची माझी इच्छा नाही.' 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार.' 'अनवधानाने कुणाचे नाव राहिल्यास क्षमस्व.' तिसरे वाक्य तर लेखकाने यादी नीट केली नाही याची कबुलीच आहे. तिन्ही गाळा.

पैशाची मदत झाली असेल तर ती आडून सांगू नका. एका नातेवाइकाने छपाईचा खर्च उचलला असेल आणि त्याची हरकत नसेल तर तसे एका वाक्यात लिहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. तसे किंवा दुसरे कोणते अनुदान मिळाले असेल तर मंजुरीपत्रात जो मजकूर छापायला सांगितला असेल तो शब्दही न बदलता, सांगितलेल्या जागी, बहुधा पृष्ठ 4 वर घ्या. त्याला आपल्या शैलीत बसवायला जाऊ नये.

ललितलेखांची खास अडचण: लेखात लपवलेले नाव इथे उघडे पडते

कादंबरीत हा प्रश्न फारसा येत नाही. ललितलेखात खरी माणसे असतात, आणि त्यांची ओळख झाकायला लेखक नाव बदलतो, मोहल्ला बदलतो. मग ऋणनिर्देशात त्याच माणसाचे खऱ्या नावानिशी आभार मानतो आणि सगळी झाकाझाक वाया जाते.

समजा एका लेखात शेजारच्या 'सुमनकाकूं'ची घटस्फोटाची गोष्ट आहे आणि नाव बदललेले आहे. ऋणनिर्देशात 'आमच्या शेजारी राहणाऱ्या ……… काकूंनी आपल्या आयुष्यातले कठीण दिवस मोकळेपणाने सांगितले' असे वाक्य आले की प्रतापनगरात राहणाऱ्या कुणालाही काकू कोण ते कळेल. पडताळणी सोपी आहे. लेखांतल्या प्रत्येक बदललेल्या नावापुढे खरे नाव लिहून एक कागद करा, तो स्वतःजवळ ठेवा, आणि ऋणनिर्देशातले व अर्पणपत्रिकेतले प्रत्येक नाव त्या कागदाशी जुळवून पाहा. एखादे नाव दोन्हीकडे सापडले तर त्या माणसाचे आभार नाव न घेता माना, जसे वरच्या नमुन्यात घरकामाच्या ताईंचे मानले आहेत. 'काही व्यक्तींची नावे बदलली आहेत' ही ओळ पृष्ठ 4 वर द्या.

परवानगी घेताना लेखातला त्यांच्यापुरता भाग वाचून दाखवा. 'तुमच्यावर लिहिले आहे, चालेल ना?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. लेख ऐकल्यावरचे हो वेगळे असते. वाचता न येणाऱ्या किंवा आपल्याकडे कामाला असणाऱ्या माणसाबाबतीत हे अधिक काळजीने करा, कारण त्यांना नाही म्हणणे जड जाते. आणि नाव छापायचे की नाही, हा प्रश्न लेखाच्या परवानगीहून वेगळा आहे. तो वेगळाच विचारा.

पूर्वप्रसिद्धीची नोंद

पृष्ठ 8 वर चार-पाच ओळी पुरतात: कोणते लेख कोणत्या दैनिकात, कोणत्या अंकात, कोणत्या साली आले, आणि पुस्तकात घेताना त्यांत बदल केले आहेत का. कृतज्ञता व्यक्त करायला 'साभार' एवढे पुरे.

त्याआधी हक्क कुणाकडे आहे ते मात्र पाहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरून, मानधनावर लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, जोवर त्याने तो लेखी करार करून दिलेला नाही. दैनिकाच्या नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिले असेल तर वेगळा करार नसल्यास वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाकडे जातो आणि बाकीचा लेखकाकडे राहतो. मानधनाच्या पावतीवर किंवा ईमेलमध्ये हक्क देऊन टाकल्याची ओळ आहे का, एवढे तपासा. आकाशवाणीच्या कराराचा कागदही काढून वाचा. नोंद छापली म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही, आणि लेखासोबत दैनिकाने छापलेले रेखाचित्र तुमचे नाही. ते हवे असेल तर चित्रकाराला आणि दैनिकाला विचारावे लागेल.

नावे, टाइप आणि प्रूफ

नाव कसे लिहायचे ते त्या माणसालाच देवनागरीत लिहून मागा. वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आडनावे आहेत, विदर्भात पहिले पुष्कळ आढळते आणि अक्षरजुळणीत ते सर्रास दुसरे होते. पदव्यांचे धोरण एकच ठेवा: एकाला 'डॉ.' लावले तर सगळ्या डॉक्टरांना, नाहीतर कुणालाच नाही.

मजकूर युनिकोडमध्ये लिहिला आणि मुद्रकाकडे जुन्या पद्धतीचा फाँट असेल तर रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरे हलतात. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' विशेष दगा देतात, कारण हा अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टाइप होऊ शकतो आणि पडद्यावर सारखाच दिसतो. 'वऱ्हाडे' किंवा 'गोऱ्हे' अशी नावे असतील तर ती छापील प्रूफातच तपासायची. मुद्रक InDesign वापरत असेल आणि वेलांट्या, जोडाक्षरे तुटलेली दिसत असतील तर परिच्छेदाच्या मेनूत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेले नाही, असे समजा. ल आणि श हिंदी वळणाचे आले असतील तर भाषा मराठी करून पाहा. सगळ्या फाँटमध्ये मराठी वळण असतेच असे नाही.

अर्पणपत्रिका आतल्या टाइपापेक्षा एक-दोन पॉइंट मोठी, पृष्ठाच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा. अगदी मध्यावर ठेवली की ती खाली घसरल्यासारखी दिसते. मथळा नको, चौकट नको, पृष्ठक्रमांक छापू नये. ओळी अर्थाप्रमाणे तोडा आणि अक्षरजुळणी करणाऱ्याला 'ओळी अशाच ठेवा' असे कागदावर लिहून द्या, नाहीतर तिन्ही ओळी भरून एकच ओळ होऊन येते.

प्रूफ पडद्यावर न पाहता खऱ्या आकारात छापून घ्या आणि दोन्ही पृष्ठे दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. लिहिणाऱ्याला स्वतःच्या ओळखीच्या नावातली चूक दिसत नाही. 16 पृष्ठांच्या फॉर्ममध्ये 1, 4, 5, 8, 9, 12, 13 आणि 16 ही पृष्ठे कागदाच्या एका बाजूला येतात, बाकीची दुसऱ्या. त्यामुळे प्लेट झाल्यावर पण छपाईआधी अर्पणपत्रिकेत चूक सापडली तर एक प्लेट बदलून भागते. अर्पणपत्रिकेत एक आणि ऋणनिर्देशात एक अशा दोन चुका असतील तर दोन प्लेटा, कारण 5 आणि 7 वेगवेगळ्या बाजूंना आहेत. छपाई होऊन गेल्यावर मात्र पूर्ण पहिला फॉर्म पुन्हा छापावा लागतो, आणि बांधणी झाली असेल तर तेही शक्य राहत नाही.

बांधणीनंतर नाव चुकलेले आढळले तर शाईने खोडून दुरुस्ती करू नका, पट्टीही चिकटवू नका. वर्षभरात तिची कड सुटते. त्या व्यक्तीला स्वतः जाऊन सांगा आणि मुद्रकाकडची मूळ फाइल त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, म्हणजे पुढच्या छपाईत तीच चूक परत येणार नाही. मागणीप्रमाणे प्रती छापून देणाऱ्या सेवेवर पुस्तक असेल तर दुरुस्त फाइल चढवली की पुढची प्रत बरोबर निघते. तिथेही आधी एक प्रत मागवून पृष्ठ 5 आणि 7 पाहा, मगच इतरांना दुवा पाठवा.